कुरतडलेली वायर आणि गप्प राहिलेला एमसीबी

पावसाळा लागला की वायरमनकडे एक तक्रार हमखास येते. पाऊस झोडपायला लागला की घरातली वीज जाते आणि दोन दिवस ऊन पडलं की आपोआप टिकते. कोकणातल्या आमच्या नात्यातल्या एका कौलारू घरात असंच चाललं होतं. बोर्डावरचा आरसीसीबी सारखा खाली पडायचा. घरातली माणसं त्यालाच खराब ठरवून काढून टाकायच्या बेतात होती. तो काढला असता, तर त्या घरात धोक्याची सूचना देणारं काहीच उरलं नसतं.

वायरमनने सगळे एमसीबी खाली पाडून एकेक वर केला. माजघराच्या दिव्यांचा एमसीबी वर करताच आरसीसीबी पडला. मग त्या लाइनची फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही वायरी बोर्डातून सोडवून त्याने मेगर लावला. मेगर वायरवर पाचशे व्होल्टचा दाब देऊन तिचं आवरण वीज किती अडवतं ते मोजतो. चांगल्या वायरिंगला तो कितीतरी मेगओहम दाखवतो, पण इथे आकडा शून्याच्या आसपास होता. माळ्यावर चढल्यावर कारण दिसलं. वाशावरून गेलेल्या वायरीचं आवरण वीतभर सोललेलं होतं, तांबं उघडं पडलं होतं आणि त्याला टेकून काथ्या, कापूस आणि वाळक्या गवताचं खारीचं घरटं होतं. गळक्या कौलातून पाणी झिरपून तिथला धुळीचा थर ओला झाला होता. त्या ओलीतून वीज शेजारच्या अर्थिंगच्या वायरीत जात होती.

उंदीर आणि खार वायर खातात असा समज आहे. खरं तर त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. दातांची पुढची बाजू कठीण आणि मागची मऊ असल्याने कुरतडताना त्यांना आपोआप धार लागते. वायरीवरचं पीव्हीसीचं आवरण तर त्या दातांपुढे काहीच नाही, ते तांब्यावरही खुणा पाडतात. या भानगडीत चिचुंद्रीवर उगाच आळ येतो. ती मुख्यतः किडे खाते, वायरी कुरतडणं तिचं काम नव्हे. छतावर खडबड दिवसा ऐकू आली तर बहुधा खार, रात्री आली तर उंदीर, एवढा अंदाज बांधता येतो.

आता आगीचं. वायर कुरतडली की शॉर्टसर्किट होईल आणि एमसीबी पडेल, अशी आपली खात्री असते. दोन उघड्या तारा एकमेकींना थेट चिकटल्या तर तसं होतंही. दहा अँपिअरचा साधा घरगुती एमसीबी झटक्यात पडायला मात्र पन्नास ते शंभर अँपिअरचा लोंढा लागतो, आणि अर्धवट सोललेल्या वायरीतून तेवढी वीज जातच नाही. ओली धूळ आणि उंदराचं मूत यांतून अगदी थोडी वीज झिरपते. ती जाता जाता आवरण करपवते, आणि करपून झालेला कोळसा स्वतःच वीज वाहू लागतो, म्हणून झिरपणारी वीज वाढत जाते. अँपिअरच्या तीन दशांशाएवढी वीज २३० व्होल्टवर जवळजवळ ७० वॉटची उष्णता देते. जुन्या साठच्या बल्बपेक्षा जास्त अशी ही उष्णता नखाएवढ्या जागेत, कोरड्या काथ्याला चिकटून तयार होते. एमसीबीच्या लेखी मात्र घरात आणखी एक दिवा लागलेला असतो, म्हणून तो गप्प राहतो.

ही कसर आरसीसीबी भरून काढतो. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत आली का, हे तो पाहतो. घरगुती आरसीसीबी तीस मिलिअँपिअरच्या फरकाला, म्हणजे आग लागण्याइतकी उष्णता साठायच्या कितीतरी आधी, वीज तोडतो. त्यालाही मर्यादा आहे. फेज आणि न्यूट्रल या दोघींमध्येच ठिणगी पडत असेल आणि जमिनीकडे काहीच जात नसेल, तर त्याला काही कळत नाही. लाकडी माळ्यावर हे सहज घडू शकतं. म्हणून आरसीसीबी असला तरी माळा किंवा फॉल्स सीलिंगच्या वरची जागा पावसाळ्याआधी एकदा बॅटरी घेऊन पाहावीच लागते. दिवे लुकलुकणं, जळक्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा वास येणं, छताला एकाच जागी तपकिरी डाग पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावं. आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’चं बटण दर दोन-तीन महिन्यांनी दाबावं. तो पडला नाही, तर असून नसल्यासारखा आहे.

त्या घरात वायरमनने कुरतडलेल्या जागी टेप गुंडाळायला ठाम नकार दिला, आणि ते मला फार पटलं. एक चावा दिसला की पुढे न दिसणारे चार असतात. त्याने अख्खी लाइन बदलून लोखंडी पाइपातून नेली आणि पाइपाला अर्थिंग दिलं. प्लास्टिकची पट्टी उंदीर तासाभरात फोडतो. कौलांखालच्या फटींना सहा मिलिमीटरची जाळी लावली, कारण पेनाच्या जाडीच्या भोकातूनही लहान उंदीर आत शिरतो. फटी बुजवण्याआधी घरट्यात पिल्लं नाहीत ना, हे पाहिलं. आई बाहेर आणि पिल्लं आत कोंडली गेली, तर ती आत येण्यासाठी सगळं फोडते. विष घालणं टाळावं. उंदीर छतात मरून दुर्गंधी सुटते आणि तो खाणारं घुबडही मरतं.

गाडीचं गणित थोडं वेगळं आहे. रात्री लावलेल्या गाडीचं इंजिन बराच वेळ उबदार राहतं, आणि टायरवरून चढून उंदीर बॉनेटखाली पोचतो. सेन्सरची बारीक वायर तुटली तर गाडी सुरू होत नाही किंवा इंजिनचा दिवा लागतो. त्यात भुर्दंड आहे, आगीचा धोका कमी. आग लागते ती तीन ठिकाणांहून. एक, तापणाऱ्या एक्झॉस्टजवळ रचलेलं पालापाचोळ्याचं घरटं. दोन, पेट्रोलची कुरतडलेली रबरी नळी. आणि तीन, बॅटरीकडून स्टार्टरकडे जाणारी जाड केबल, जिच्यात बऱ्याच गाड्यांत फ्यूजच नसतो. बारा व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही, पण ती बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते. गाडी आठवडाभर उभी असेल, तर किल्ली फिरवण्याआधी बॉनेट उघडून लेंड्या, चघळलेला स्पंज, एअर फिल्टरच्या डब्यातला कचरा पाहावा. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करूच नये.

तंबाखूची पानं आणि डांबराच्या गोळ्या काही दिवस चालतात, पण इंजिनच्या उष्णतेने वास उडतो आणि उंदीर परततो. तिखटाचा अंश असलेली टेप होंडा कंपनी विकते, ती नेमक्या वायरींवर गुंडाळता येते. एअर फिल्टरच्या तोंडाला जाळी लावताना हवा अडणार नाही, एवढी विरळ असावी. पार्किंगमध्ये कबुतरांना टाकलेले दाणे आणि कचऱ्याचा उघडा डबा हटवल्याशिवाय मात्र यातलं काहीच टिकत नाही. चालत्या गाडीत बॉनेटमधून धूर आला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावं, सगळ्यांनी उतरून दूर व्हावं आणि १०१ ला फोन करावा. बॉनेट उघडायचा मोह होतो. तो सपशेल आवरावा, कारण झाकण वर होताच आत हवा शिरते आणि ज्वाळा तोंडावर येते.