सुट्टी लागली, त्याच दिवशी हिशोब मांडा
(लेखमाला : पगार थांबल्यावर – भाग ३)

सुरतच्या हिऱ्याच्या धंद्यात काम सुटल्याची चिठ्ठी सहसा हातात पडत नाही. आधी कामाचे तास कमी होतात, मग मजुरी उतरते, मग सुट्टी लांबते. २००८ च्या दिवाळीत बंद झालेले कित्येक कारखाने सुट्टी संपल्यावर उघडलेच नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये किरण जेम्ससारख्या बड्या कंपनीनेही दहा दिवसांची सुट्टी जाहीर केली होती. म्हणून घरातला पैसा किती महिने पुरेल, हे सुट्टीच्या पहिल्या दिवशीच मोजावं. कारखाना उघडण्याची वाट पाहत घालवलेला महिना जुन्याच खर्चाने जातो.

लिंबायतमधलं एक खानदेशी घर धरू. बँकेत आणि एफडीत मिळून एक लाख रुपये. त्यातले वीस हजार शाळेच्या फीसाठी आणि आजारपणासाठी बाजूला ठेवायचे. ते मोजायचेच नाहीत. उरले ऐंशी हजार. महिन्याचा खर्च चोवीस हजार, बायको घरी साड्यांना टिकल्या लावून चार हजार मिळवते. म्हणजे शिलकीतून दरमहा वीस हजार जाणार आणि पैसा चार महिने पुरणार.

आता कपात. पहिल्याच आठवड्यात एक हजाराची एसआयपी, पेट्रोल-रिचार्जमधले दीड हजार आणि बाहेरच्या खाण्याचे दीड हजार थांबवले, तर चाराचे पाच महिने होतात. शिल्लक तीन महिन्यांवर आली की दुसरी पायरी : हप्त्यावरची बाइक विकून कर्ज मिटवणं, स्वस्त खोली पाहणं. ही पायरी आधीच ठरवून ठेवावी, कारण घाईत विकलेल्या गाडीला भाव मिळत नाही. विम्याचा हप्ता मात्र शेवटपर्यंत भरावा. मासिक हप्त्याला सवलत फक्त पंधरा दिवसांची असते, आणि बेकारीतच दवाखान्याचं बिल सर्वांत जड जातं.

पण कपातीला मर्यादा आहे. याच घरातल्या माणसाला रिंग रोडच्या कापड मार्केटात आठ हजारांचं काम मिळालं, तर पाचाचे थेट दहा महिने होतात. हातचं कसब सोडून पार्सलं बांधणं मनाला लागतं, हे खरं आहे; तरी मला हे काम पहिल्याच महिन्यात शोधणं रास्त वाटतं.

एसआयपी थांबवणं वेगळं आणि युनिट्स विकणं वेगळं. हप्त्याच्या काही दिवस आधी फंडाकडे स्थगितीचा अर्ज द्यावा; नुसतं खातं रिकामं ठेवलं तर हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते. मंदीत काम आणि बाजार बहुतेकदा एकदमच पडतात. मार्च २००९ मध्ये सेन्सेक्स सुमारे आठ हजारांवर होता, त्याच वर्षाअखेर सतरा हजारांवर गेला. मार्चमध्ये युनिट्स विकलेल्यांचा तोटा कायमचा झाला. पीएफचंही तसंच : पाच वर्षांची नोकरी पुरी होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. युनिट्स मोडायचीच वेळ आली, तर पुढच्या एका महिन्याला लागतील तेवढीच मोडावीत.