टोल वाजल्यापासून हजेरी जुळेपर्यंत

शाळेत आग लागली तर इमारत किती वेळात रिकामी होईल, हे प्रामुख्याने जिना ठरवतो. मुले वर्गातून दारापर्यंत चटकन येतात आणि मैदानावरही चटकन पोचतात. खोळंबा होतो तो पायऱ्यांवर. म्हणून शाळेच्या मॉक ड्रिलची आखणी जिन्यापासून सुरू करावी लागते.

समजा, तळमजला आणि वर दोन मजले अशी शाळा आहे. प्रत्येक मजल्यावर 45 विद्यार्थ्यांच्या चार तुकड्या, म्हणजे एकूण 540 मुले. पूर्वेला आणि पश्चिमेला एकेक जिना. राष्ट्रीय इमारत संहिता शाळेच्या जिन्यासाठी किमान दीड मीटर रुंदी सांगते. एवढ्या जिन्यावरून मुले दोन रांगांत, धक्काबुक्की न करता उतरली, तर साधारण सेकंदाला एक मूल खाली पोचते असे धरावे. तळमजल्याची 180 मुले थेट व्हरांड्यातून बाहेर पडतात. वरच्या दोन मजल्यांवरची 360 मुले दोन जिन्यांत वाटली की प्रत्येक जिन्यावर 180 मुले येतात, म्हणजे तीन मिनिटे. टोल झाल्यापासून पहिले मूल पायरीवर येईपर्यंतची पाऊण मिनिट आणि जिन्यापासून मैदानापर्यंत चालण्याचे एक मिनिट धरले, तर शेवटचे मूल पाच मिनिटांच्या आत मैदानावर हवे. मोजणीला आणखी दोन मिनिटे. सातव्या मिनिटाला मुख्याध्यापकांच्या हातात पूर्ण हजेरी असली पाहिजे.

आता याच शाळेचा एक जिना धुराने भरला असे मानले, तर उरलेल्या जिन्यावर 360 मुले येतात. तीन मिनिटांची सहा होतात आणि शेवटचे मूल मैदानावर यायला आठवे मिनिट लागते. हा फरक कागदावर कळला तरी पुरेसा नाही. दुसऱ्या मजल्याच्या मुलांना आपला रोजचा जिना सोडून दुसऱ्या टोकाकडे वळायला लावणे हे सरावाशिवाय जमत नाही. म्हणून पहिला सराव दोन्ही जिने उघडे ठेवून झाला की पुढच्या सरावात एका जिन्यावर ‘धूर’ असा फलक घेऊन शिक्षक उभे करावेत.

तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत 16 जुलै 2004 रोजी स्वयंपाकघरातून सुरू झालेली आग गवताच्या छपराला लागली आणि 94 मुले गेली. बाहेर पडायची वाट अरुंद होती. त्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या याचिकेवर 2009 मध्ये निकाल लागला आणि शाळांमधील अग्निसुरक्षेच्या व्यवस्था सक्तीच्या झाल्या. पण अग्निशामक नळकांडे भिंतीवर टांगले आणि मागचा जिना कुलूपबंद राहिला, तर त्या व्यवस्थेचा मुलांना उपयोग नाही. अनेक शाळांत मागच्या जिन्याला जाळीचा सरकता दरवाजा असतो, चोरीच्या भीतीने तो शाळेच्या वेळेतही बंद ठेवतात आणि जिन्याखाली मोडके बाक रचलेले असतात. सरावाच्या आदल्या आठवड्यात एका शिक्षकाने प्रत्येक वर्गापासून मैदानापर्यंत स्वतः चालत जाऊन वाट पाहावी. दार बाहेरच्या बाजूला उघडते का, कुलूप कोणाच्या किल्लीने निघते, पावसाळ्यात फरशी कुठे निसरडी होते, हे चालल्यावरच दिसते. शाळा भरलेली असताना बाहेर जाणाऱ्या कोणत्याही दाराला कुलूप नसावे, एवढा एक नियम पाळला तरी बराच धोका टळतो.

वाटेइतकीच महत्त्वाची आहे ती वाट जिथे संपते ती जागा. 26 जानेवारी 2001 रोजी कच्छचा भूकंप झाला तेव्हा अंजार गावात प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली शाळकरी मुले अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या इमारतींखाली सापडली. उघड्यावर असणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमण्याची जागा इमारतीपासून निदान इमारतीच्या उंचीइतकी तरी लांब हवी. तिच्यावरून विजेच्या तारा जाऊ नयेत, बाजूला कच्ची कुंपणभिंत नसावी आणि अग्निशमन दलाची गाडी ज्या फाटकातून येणार तो रस्ता मुलांनी अडवू नये. मैदान लहान असेल, तर शेजारचे मंदिराचे आवार किंवा ग्रामपंचायतीची मोकळी जागा आधीच विचारून ठरवावी लागते. मैदानावर चुन्याने प्रत्येक तुकडीची जागा आखून ठेवली की उभे राहण्याचा गोंधळ उरत नाही.

आग आणि भूकंप यांची सूचना एक असू नये. विजेची घंटा वीज गेल्यावर मुकी होते, म्हणून आगीसाठी लोखंडी टोल थांबून न वाजवता सलग, वेगाने वाजवतात. भूकंपात टोलाची वाट पाहायची नसते. हादरा जाणवला की मुलांनी बाकाखाली जाऊन डोके झाकायचे आणि बाकाचा पाय धरून ठेवायचा. हादरा थांबल्यावरच बाहेर निघायचे, कारण हलत्या जिन्यावर धावणारे मूल जास्त धोक्यात असते. हा लेख पुढे आगीच्या सरावाबद्दलच आहे, कारण शाळेला त्याचीच गरज जास्त वेळा पडते.

कामांची वाटणी करताना शाळा नेहमी एक चूक करतात. काम माणसाच्या नावाने देतात आणि नेमका तो माणूस त्या दिवशी रजेवर असतो. काम पदाला किंवा जागेला जोडावे. मुलांना बाहेर काढण्याची जबाबदारी त्या तासाला वर्गावर असलेल्या शिक्षकाची, मग तो वर्गशिक्षक असो वा नसो. प्रत्येक मजल्यावर पूर्वेकडच्या शेवटच्या वर्गातील शिक्षक आपली मुले शेजारच्या शिक्षकाकडे सोपवून स्वच्छतागृहे, प्रयोगशाळा आणि रिकामे वर्ग तपासत सर्वांत शेवटी उतरतो. प्रयोगशाळेतील आणि पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातील गॅस तिथे काम करणारी व्यक्ती बंद करते. शिपाई टोल देतो आणि फाटक उघडतो. लिपिक 101 किंवा 112 वर फोन करतो आणि पाहुण्यांची नोंदवही घेऊन बाहेर येतो. सरावाच्या दिवशी खरा फोन करायचा नसतो, पण क्रमांक, पत्ता आणि जवळची ओळखीची खूण तो मोठ्याने वाचून दाखवतो. मुख्याध्यापक मैदानावर एका ठरलेल्या जागी उभे राहतात आणि तिथून हलत नाहीत. ते धावपळ करू लागले, तर निरोप कोणाकडे द्यायचा हे कोणालाच कळत नाही. चालायला त्रास असलेल्या मुलाचा वर्ग शक्यतो तळमजल्यावर असावा. पायाला प्लास्टर घालून महिनाभर आलेले मूल मात्र यादीत नसते, म्हणून ही यादी दर महिन्याला पाहावी लागते.

जिन्याच्या पहिल्या मजल्यावरच्या वळणावर एक शिक्षक हवाच. वरून उतरणारी रांग आणि पहिल्या मजल्याची रांग तिथे एकत्र येतात आणि ढकलाढकली तिथेच सुरू होते. तो शिक्षक एक तुकडी सोडतो, दुसरी थांबवतो, पुन्हा पहिली सोडतो. पळायचे नाही, दप्तर उचलायचे नाही, मागे फिरायचे नाही, हे मुलांना आधी सांगितलेले असले तरी त्या वळणावर मोठ्या माणसाचा शांत आवाज लागतो.

मैदानावर आल्यावर सर्वांत अवघड काम उरते ते हजेरी जुळवण्याचे. वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात पट, हजर, गैरहजर हे आकडे रोज लिहिले जातात, पण फळा मैदानावर येत नाही आणि हजेरीपट बहुधा शिक्षकांच्या खोलीत असतो. त्यावर सोपा उपाय असा: दाराजवळ खिळ्याला एक छोटी वही टांगावी, पहिल्या तासाला हजर मुलांचा आकडा आणि गैरहजर मुलांची नावे तिच्यात लिहावीत आणि बाहेर पडणाऱ्या शिक्षकाने ती हातात घ्यावी.

या मोजणीचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. वर कल्पिलेल्या शाळेत सराव झाला. 7वी ब च्या वहीत 42 हजर, मैदानावर 41. दरम्यान 5वी अ मध्ये 43 हजर असताना रांगेत 44 मुले उभी होती. सातवीचा एक मुलगा खडू आणायला कार्यालयात गेला होता, टोल ऐकून तो तळमजल्यावरच्या पाचवीच्या रांगेत मिसळला. मुख्याध्यापकांनी फक्त एकूण बेरीज विचारली असती, तर ती बरोबर जुळली असती. पण खऱ्या आगीत सातवीचे शिक्षक हरवलेल्या मुलासाठी पुन्हा जिन्याकडे धावले असते. म्हणून प्रत्येक तुकडीने आपला आकडा स्वतंत्र सांगायचा, ‘एक कमी’ तसेच ‘एक जास्त’ हेही सांगायचे आणि कमी असलेल्या मुलाचे नाव, तो शेवटचा कुठे दिसला ते मुख्याध्यापकांना द्यायचे. आत शोधायला शिक्षकाने जायचे नाही. ही माहिती अग्निशमन दलाला दिली, की कोणत्या खोलीपासून शोध घ्यायचा ते त्यांना कळते.

सराव संपला की त्याच दिवशी आढावा घ्यावा, दुसऱ्या दिवसापर्यंत बारकावे विसरले जातात. त्यासाठी सरावात न भाग घेणारे चार निरीक्षक हवेत: दोन्ही जिन्यांच्या पायथ्याशी एकेक, मैदानावर एक आणि फाटकाजवळ एक. प्रत्येकाकडे घड्याळ आणि कागद. आधी वर्गात मुलांना पाच मिनिटे बोलू द्यावे, कारण कुठे टोल ऐकू आला नाही आणि कुठे कोण पडले हे त्यांनाच माहीत असते. नंतर शिक्षकांची अर्ध्या तासाची बैठक. कोणाला दोष न देता चार रकाने भरायचे: काय ठरले होते, काय झाले, का झाले, काय बदलायचे. शेवटच्या रकान्यात पद आणि तारीख लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण धरू नये.

वरच्या सरावाचा कागद असा दिसेल. ठरले होते: शेवटचे मूल पाच मिनिटांत मैदानावर. झाले: 6 मिनिटे 40 सेकंद. कारण: पश्चिम जिन्याच्या खालच्या जाळीला कुलूप होते, किल्ली रजेवरच्या सेवकाकडे, दोन तुकड्या मागे फिरल्या. बदल: शाळेच्या वेळेत कुलूप काढून ठेवणे, जबाबदारी मुख्य शिपायाची, सोमवारपासून. दुसरी नोंद: दुसऱ्या मजल्यावरच्या संगणक कक्षात टोल ऐकू गेला नाही, कारण तिथे पंखे आणि बंद खिडक्या. बदल: शेजारच्या वर्गातील शिक्षकाने दार ठोठावून सांगणे, उद्यापासून. तिसरी नोंद खडू आणणाऱ्या मुलाची: वर्गाबाहेर असताना टोल झाला तर मुलाने जवळच्या वाटेने मैदानावर जायचे आणि तिथे आपल्या तुकडीच्या रेघेवर उभे राहायचे, हे प्रत्येक वर्गशिक्षकाने आठवडाभरात सांगायचे.

तोच नियम मधल्या सुट्टीतल्या सरावालाही लागू पडतो. तेव्हा कोणीच वर्गात नसते, डबे उघडलेले असतात, शिक्षक विखुरलेले असतात. पहिले दोन सराव तासाला, पूर्वसूचना देऊन घ्यावेत, पालकांना आणि जवळच्या अग्निशमन केंद्राला कळवून, म्हणजे गावात अफवा उठत नाही. तिसरा मधल्या सुट्टीत घ्यावा. त्याच्या नोंदीची सुरुवात मागच्या कागदावरच्या चौथ्या रकान्यापासून होते: कुलूप निघाले का, संगणक कक्षाला कळले का, बाहेर असलेली मुले आपल्या रेघेवर आली का.