माड, शिंदी की शोभेचा पाम?

मैत्रिणीने सोसायटीतल्या एका झाडाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "बारा वर्षं झाली, या माडाला एक नारळ नाही. खत कोणतं घालू?" फोटोत नुसता शेंडा आणि आकाश. लांबून सगळे शेंडे सारखेच दिसतात, म्हणून मी आणखी तीन फोटो मागवले: खोड संपून झावळ्या फुटतात ती जागा, झावळीचं बूड जवळून आणि बुंधा.

पहिल्या फोटोतच उत्तर होतं. राखी, गुळगुळीत खोडाच्या वर हिरवीगार, तुळतुळीत मान. पानांची बुडं एकमेकांभोवती घट्ट गुंडाळली जाऊन ती तयार होते. माडाला अशी मान नसते. त्याच्या देठांच्या बुडाशी विणलेल्या गोणपाटासारखी तपकिरी जाळी दिसते. झाड रॉयल पामचं होतं. बऱ्याच ठिकाणी त्यालाच बॉटल पाम म्हणतात. खत कितीही घाला, त्याला नारळ लागणार नाहीत. हिरवी मान पोफळीलाही असते, पण तिचं खोड सडपातळ.

मान नसेल, तर झावळीचं बूड पाहावं. शिंदी आणि खजुरीची सगळ्यात खालची पाती आखडून टोकदार काटे झालेली असतात. माडाच्या झावळीला काटे नसतात. आता एक पातं जिथे दांड्याला जुळतं, तिथली घडी पाहा. माडाचं पातं छपरासारखं असतं, मधली शीर वर आणि कडा खाली. शिंदीचं पातं पन्हळीसारखं, कडा वर. फळ नसताना ही खूण सगळ्यात भरवशाची, फक्त फोटो हातभर अंतरावरून हवा.

पान पंख्यासारखं असेल, तर माड आणि शिंदी दोन्ही बाद. ताडाचा पंखा ताठ आणि देठाच्या कडांना करवतीसारखे दात. पण शोभेच्या काही पंखा-पामांच्या देठांनाही काटे असतात, तेव्हा पूर्ण पान पाहावं. पात्यांमध्ये पांढरे दोरे लोंबत असतील, तर तो बहुधा बागेतला वॉशिंग्टोनिया.

बुंधा शेवटी पाहावा. माडावर गळलेल्या झावळ्यांचे वण, शिंदीवर देठांच्या खुंटांची खवल्यांसारखी नक्षी. रसासाठी वर्षानुवर्षं छेदलेल्या शिंदीचं खोड तर नागमोडी दिसतं. मात्र माळ्याने खुंट साफ केले असतील, तर ही खूण हरवते.

रोपांचे फोटो सगळ्यात फसवे. माडाच्या रोपाची पहिली पानं अखंड, टोकाशी दुभंगलेली असतात. शिंदीची अरुंद पट्टीसारखी. ताडाचं पहिलं पानही पट्टीसारखंच, पंखा नंतर उघडतो. म्हणून नर्सरीतून माडाचं रोप घेताना पानांवर विसंबू नका. बुडाशी माती थोडी बाजूला करा, ज्या नारळातून ते उगवलं तो तिथेच असतो.