न संपणाऱ्या रस्त्याचे सांधे

मोबाइलवरच्या ‘एंडलेस रनर’ खेळात धावणारे पात्र आपोआप पुढे जात राहते. खेळणाऱ्याच्या हाती फक्त उडी मारणे, वाकणे किंवा बाजू बदलणे एवढेच असते, आणि रस्ता कधीच संपत नाही. अ‍ॅडम सॉल्ट्समन यांचा ‘कॅनाबाल्ट’ २००९ मध्ये आला, तेव्हा एकाच बटणावर चालणाऱ्या या प्रकाराला ओळख मिळाली. २०११ मधला ‘टेंपल रन’ आणि २०१२ मधला ‘सबवे सर्फर्स’ यांनी तो घरोघरी पोहोचवला. न संपणारा रस्ता कोणी हाताने आखू शकत नाही. अडथळे नुसते नशिबावर सोडून पेरत गेले, तर कधी दहा सेकंद सपाट जमीन येते आणि कधी पार होणेच अशक्य अशी दरी. छोट्या खेळांत यावर बहुतेकदा मधला मार्ग काढला जातो. रस्त्याचे वीस-तीस तुकडे माणूस मन लावून रचतो आणि कोणत्या तुकड्यानंतर कोणता यावा हे खेळ चालू असताना प्रोग्राम ठरवतो. खेळ बनवणारे या तुकड्यांना ‘चंक’ म्हणतात.

ही जोडणी समजण्यासाठी बाजूने दिसणारा, एका उडीचा साधा खेळ घेऊ. अंतर मोजायला धावपटूच्या रुंदीइतकी एक टाइल धरू आणि गणित सोपे राहावे म्हणून धावपटू म्हणजे एक बिंदू मानू. एक तुकडा २४ टाइलचा आहे. सुरुवातीचा वेग सेकंदाला ६ टाइल असून तो वाढत वाढत १२ पर्यंत जातो. उडीचा सुरुवातीचा वेग सेकंदाला १० टाइल आणि गुरुत्वाकर्षण सेकंदामागे २५ ठेवले, तर धावपटू ०.८ सेकंद हवेत राहतो आणि २ टाइल उंच जातो. स्क्रीनवर त्याच्या पुढचा १४ टाइल रस्ता दिसतो.

तुकडे जोडण्याचे यांत्रिक काम सोपे आहे. पुढचे दोन तुकडे नेहमी तयार असतात. मागचा तुकडा स्क्रीनबाहेर गेला की त्यातल्या वस्तू मोडून टाकायच्या नसतात, तर लपवून ठेवायच्या आणि पुढच्या तुकड्यासाठी पुन्हा वापरायच्या. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या खेळात एका फ्रेमला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. साध्या फोनवर पन्नास वस्तू त्याच क्षणी नव्याने तयार कराव्या लागल्या, तर चित्र अडखळते. नेमक्या उडीच्या वेळी ते अडखळले, तर खेळणाऱ्याला ती मोठी फसवणूक वाटते, आणि ती तक्रार रास्तच असते.

खरी अडचण वेगाची आहे. तुकडा रचताना माणूस टाइल मोजतो, पण खेळणाऱ्याच्या हाती असतो तो वेळ. वेग ६ असताना ०.८ सेकंदाची उडी ४.८ टाइल जाते. समोर ४ टाइलची दरी असेल, तर काठाआधीच्या ०.८ टाइलमध्येच कुठेतरी उडी मारावी लागते. बटण दाबण्याची ही खिडकी फक्त ०.१३ सेकंदाची आहे. वेग १२ झाला की तीच उडी ९.६ टाइल जाते आणि खिडकी ०.४७ सेकंदापर्यंत रुंदावते. वेग वाढला तशी दरी सोपी झाली! वेग वाढवला म्हणजे अडचण वाढली, हा समज इथे खोटा ठरतो.

आता त्याच दरीची जोडी घ्यावी: ४ टाइल दरी, ४ टाइल जमीन, पुन्हा ४ टाइल दरी. वेग ६ असताना काठावरून मारलेली उडी मधल्या जमिनीवर उतरते आणि दुसऱ्या उडीआधी निदान अर्धा सेकंद मिळतो. हा चांगला, निवांत तुकडा आहे. वेग ८ झाला की काठावरून उडालेला धावपटू जमिनीच्या शेवटच्या १.६ टाइलवर उतरतो आणि हाती ०.२ सेकंद उरतात. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, त्यामुळे ‘उतरलो की बघू’ म्हणणारा इथे अडकतो. १० च्या पुढे काठावरून उडणारा थेट दुसऱ्या दरीत जातो. मार्ग तेव्हाही असतो, पण काठाच्या बऱ्याच आधी उडायला हवे, आणि आतापर्यंतच्या खेळाने अगदी उलटी सवय लावलेली असते.

म्हणून तुकड्यावर केवळ सोपा, मध्यम, अवघड असा शिक्का मारणे पुरेसे नाही. प्रत्येक तुकड्याबरोबर तो कोणत्या वेगापासून कोणत्या वेगापर्यंत चालतो हे लिहून ठेवावे लागते. काठावर उडणाऱ्यालाही उतरल्यावर पाव सेकंद मिळावा अशी अट घातली, तर ही जोडदरी सुमारे ७.५ वेगापर्यंतच वापरता येते. जास्त वेगासाठी मधली जमीन वाढवून तिची दुसरी आवृत्ती करावी. वेगाच्या प्रमाणात संपूर्ण तुकडाच ताणण्याचा मार्गही आहे. त्यात दरी ८ टाइलची आणि जमीन ८ टाइलची होते, हातातला वेळ तेवढाच राहतो, आणि अडचण वाढते ती फक्त पुढचे कमी दिसल्यामुळे. समोरचे १४ टाइल वेग ६ असताना २.३ सेकंद आधी दिसतात, १२ असताना १.२ सेकंद. ताणणे सोपे असते, पण त्याने सगळे तुकडे एकाच चालीचे वाटू लागतात. छोट्या खेळात वेगळ्या आवृत्त्या रचण्याचे कष्ट घेणेच बरे.

दुसरी चूक सांध्यात लपते. दोन तुकडे एकेकटे निर्दोष असले, तरी शेजारी ठेवल्यावर जीवघेणे ठरू शकतात. मागच्या तुकड्याच्या शेवटी कुंपण असते आणि पुढच्याच्या सुरुवातीला काटे. कुंपणावरून मारलेली उडी सांधा ओलांडून काट्यांवरच उतरते. तीस तुकड्यांच्या जोड्या नऊशे होतात, आणि तेवढ्या प्रत्येक वेगाला हाताने तपासणे कोणाला जमणारे नाही. बरेच जण दोन्ही टोकांना ३-३ टाइल मोकळ्या सोडून निश्चिंत होतात. म्हणजे सांध्यात ६ टाइल मोकळी जमीन मिळते. वेग ६ असताना ती एक सेकंदाची असते, पण १२ असताना अर्ध्याच सेकंदाची, म्हणजे एका उडीपेक्षाही कमी.

इथेही टाइलऐवजी वेळ मोजला की मार्ग सापडतो. एक पूर्ण उडी ०.८ सेकंदाची, त्यात उतरल्यावर समोर पाहायला ०.३ सेकंद मिळवले की १.१ सेकंद झाले. एका तुकड्यातला शेवटचा अडथळा आणि पुढच्यातला पहिला अडथळा यांत कोणत्याही वेगाला एवढे अंतर हवे. प्रोग्राम जोडताना ते मोजतो आणि कमी पडेल तेवढी सपाट पट्टी मध्ये घालतो:

```
needed = 1.1 * speed
pad = max(0, needed - prev.tail - next.head)
```

`prev.tail` म्हणजे मागच्या तुकड्याच्या शेवटी उरलेली मोकळी जागा आणि `next.head` म्हणजे पुढच्याच्या सुरुवातीची. वेग ६ असताना गरज ६.६ टाइलची असते, त्यामुळे पट्टी जेमतेम ०.६ टाइल लागते. वेग १२ झाला की गरज १३.२ आणि पट्टी ७.२ टाइल. या दोन ओळींनी नऊशे जोड्यांतला अडथळ्यांच्या अंतराचा प्रश्न मिटतो. राहतो तो उंचीचा: मागचा तुकडा ज्या उंचीवर संपतो त्याच उंचीवर पुढचा सुरू झाला पाहिजे, म्हणून प्रत्येकाच्या दोन्ही टोकांची उंची नोंदवून जुळणाऱ्यांतूनच निवड करायची.

यानंतर निवडीचा क्रम. तुकड्यांना १ ते ५ असे अवघडपणाचे अंक द्यावेत आणि खेळाला एक चढते लक्ष्य द्यावे. एका मिनिटानंतर १ अंकाचे तुकडे एकदम बंद आणि २ चे सुरू, असे केले तर खेळणाऱ्याला पायरी जाणवते. त्यापेक्षा अंक लक्ष्यापासून जितका दूर, तितके त्या तुकड्याचे वजन कमी ठेवावे. वजन म्हणजे २ मधून अंक आणि लक्ष्य यांतला फरक वजा करायचा, शून्याखाली जाऊ द्यायचे नाही. लक्ष्य २.५ असताना १, २, ३, ४ या अंकांची वजने अनुक्रमे ०.५, १.५, १.५, ०.५ येतात. म्हणजे प्रत्येक अंकाचे तुकडे सारखेच असतील, तर चारपैकी तीन वेळा २ किंवा ३ चा तुकडा येतो, आणि कधीमधी एखादा सोपा किंवा एखादा दमवणारा.

नुसत्या वजनांवर सोडले तर मात्र नशीब सलग चार अवघड तुकडे देऊ शकते. म्हणून नशिबाला दोन बंधने घालतात. नुकतेच येऊन गेलेले तीन तुकडे पुन्हा निवडायचे नाहीत, आणि लक्ष्यापेक्षा अवघड असे दोन तुकडे लागोपाठ आले की तिसरा नाणी वेचण्याचा, श्वास घेण्याचा द्यायचा. या विसाव्याच्या जागी अडचण सरासरीने घटते, पण ताण वाढतो, कारण पुढच्या चढाची जाणीव इथेच होते. एकसारखा चढ खेळणाऱ्याला दमवतो, पण खेळात गुंतवून ठेवत नाही.

वेग आणि लक्ष्य एकाच वेळी वाढवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. दोन्ही वाढी एकमेकींना गुणतात आणि दीड मिनिटाच्या आसपास सगळे एकाच जागी बाद होतात. आधी वेग वाढवावा आणि लक्ष्य स्थिर ठेवावे. पहिल्या मिनिटात वेग ६ वरून १० च्या जवळ गेला की त्याची वाढ मंद करून लक्ष्य चढवावे. वेगाला वरची मर्यादा हवीच, कारण १२ च्या पुढे चालणारे तुकडेच रचलेले नसतील, तर प्रोग्रामजवळ निवडायला काही उरत नाही.

हे सगळे बरोबर जमले आहे का, हे एकूण गुणांवरून कळत नाही. प्रत्येक वेळी बाद होताना तुकड्याचे नाव, त्या क्षणाचा वेग आणि आधीच्या तुकड्याचे नाव नोंदवावे, तसेच तो तुकडा किती वेळा समोर आला हेही मोजावे. समजा जोडदरीत ७ वेगाला वीसपैकी एक जण पडतो आणि ९ ला तीनपैकी एक, तर तुकड्याची वेगमर्यादा चुकीची लिहिली आहे. पडणारे बहुतेक एका ठरावीक तुकड्यानंतरच पडत असतील, तर दोष सांध्यात आहे. सगळ्या वेगांना आणि सगळ्या शेजाऱ्यांबरोबर सारखेच पडत असतील, तर तुकडा फक्त अवघड आहे आणि त्याचा अंक वाढवला की काम होते. रस्ता ज्या सीडवरून, म्हणजे यादृच्छिक निवडीच्या सुरुवातीच्या आकड्यावरून, तयार झाला तो जपून ठेवला, तर तोच रस्ता पुन्हा उभा करून ती नेमकी पडझड बघता येते. सीड जपला नसेल, तर तक्रार आलेला सांधा पुन्हा कधी समोर येईल याची वाट बघण्याखेरीज उपाय राहत नाही.