‘पेंडिंग’ दिसतंय, मग पुन्हा पैसे पाठवायचे का?

पुण्यात शिकणारी एक मुलगी शनिवारी रात्री मेसचे ३,२०० रुपये यूपीआयने भरते आहे, असं समजा. पिन टाकल्यावर चक्र फिरत राहतं आणि शेवटी पडद्यावर ‘पेंडिंग’ उमटतं. तिच्या खात्यातून पैसे गेल्याचा एसएमएस येतो. मेसवाल्या काकू मात्र फोन बघून म्हणतात, “अगं, माझ्याकडे काहीच आलं नाही. परत पाठव ना.” दोघीही खरंच बोलत असतात, कारण पैसे वाटेतच कुठेतरी थांबलेले असतात.

यूपीआयचा व्यवहार पडद्यावर एकच दिसला तरी आत तो दोन टप्प्यांत होतो. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआय, आधी पाठवणाऱ्याच्या बँकेला पैसे वजा करायला सांगते. तिथून होकार आला की घेणाऱ्याच्या बँकेला ते जमा करायचा निरोप जातो. ठरलेल्या सेकंदांत कुठल्याही एका बँकेचं उत्तर आलं नाही, तर व्यवहार अडकतो.

तो कुठल्या टप्प्यावर अडकला, यावर पुढचं सगळं ठरतं. पाठवणाऱ्याच्या बँकेचं उत्तर आलं नाही, तर व्यवहार अयशस्वी ठरतो आणि वजा झालेली रक्कम असेल तर ती परत फिरवली जाते. पण पैसे वजा झाले आणि गप्प राहिली ती घेणाऱ्याची बँक, तर गुंता वाढतो. त्या बँकेनं पैसे जमा केले आणि फक्त उत्तर पोचलं नाही, असंही झालेलं असू शकतं. किंवा जमा करायचं काम तिथे रखडलेलं असू शकतं. असा व्यवहार लगेच रद्द करता येत नाही. दोन्ही बँकांचा हिशेब ताडून पाहिल्यावर पैसे एकतर काकूंच्या खात्यात पडतात, नाहीतर मुलीच्या खात्यात परत येतात.

म्हणून ‘फेल्ड’ आणि ‘पेंडिंग’ यांत मोठा फरक आहे. ‘फेल्ड’ हा अंतिम निकाल असतो. त्यात खात्यातून पैसे गेलेले दिसले तरी ते परत येणार असतात, त्यामुळे पुन्हा पैसे भरायला हरकत नाही. ‘पेंडिंग’मध्ये पहिली रक्कम अजूनही पोचू शकते. मुलीनं लगेच दुसऱ्यांदा ३,२०० पाठवले आणि तासाभरानं पहिलेही जमा झाले, तर काकूंकडे ६,४०० रुपये जातात.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. अडकलेले पैसे परत करण्याचं बंधन बँकांवर आहे, पण दोनदा यशस्वी झालेल्या व्यवहाराला ते लागू होत नाही. बँकेच्या लेखी ते दोन वेगळे, व्यवस्थित पूर्ण झालेले व्यवहार असतात. दुसरी रक्कम परत मिळणं मग घेणाऱ्याच्या संमतीवर अवलंबून राहतं. ओळखीच्या काकू पुढच्या महिन्यात वळते करून घेतील. अनोळखी विक्रेत्याच्या मागे मात्र फिरावं लागेल.

अडकलेल्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदत ठरवून दिली आहे. एका व्यक्तीनं दुसरीला पाठवलेली रक्कम जमा होऊ शकली नाही, तर ती जास्तीत जास्त दुसऱ्या दिवशी परत आली पाहिजे. दुकानदाराला केलेल्या भरण्यात पैसे वजा झाले, पण त्याला खात्री मिळाली नाही, तर ही मुदत पाच दिवसांची आहे. दिवस कॅलेंडरचे मोजायचे असल्यामुळे शनिवारच्या व्यवहारात रविवारही धरला जातो. त्यापुढे उशीर झाला, तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं ग्राहकानं न मागताही द्यायची असते.

तोवर काय करायचं? व्यवहाराच्या तपशिलात यूटीआर नावाचा बारा आकडी क्रमांक असतो, तो काकूंना पाठवायचा. त्यांनी एसएमएसवर किंवा दुकानातल्या स्पीकरच्या आवाजावर विसंबून न राहता बँकेच्या अॅपमधल्या खाते-उताऱ्यात तो शोधायचा, कारण सूचना उशिरा येऊ शकते. तिथे रक्कम दिसली तर पडद्यावर काहीही लिहिलेलं असो, पैसे पोचले आहेत. दिसली नाही, तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणं बरं. अगदीच तातडी असेल तर रोख किंवा दुसऱ्या मार्गानं द्यायला हरकत नाही, पण “आधीचे आले तर परत करेन” असं काकूंकडून मेसेजवर लिहून घ्यावं.

मुदत उलटूनही निकाल लागला नाही, तर अॅपमधल्या त्याच व्यवहारावरून तक्रार नोंदवायची आणि तो क्रमांक घेऊन आपल्या बँकेकडे जायचं. गुगलवर सापडलेल्या कुठल्याही ‘हेल्पलाइन’ला फोन करू नये, पैसे परत मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि तो मागणारा भामटाच असतो. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क दाद मागता येते.