‘बेळगाविगे’ हा शब्द कुठे तोडायचा?

१९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातून एक तालुका मात्र वगळला आणि तो कोल्हापूरला जोडला. तो तालुका म्हणजे चंदगड. जिल्हा बदलला, पण तालुक्यातल्या कितीतरी लोकांचा बाजार आणि दवाखाना बेळगावलाच राहिला. शिनोळी मागे पडली की पाट्यांवरची लिपी बदलते आणि मराठीच्या जोडीने कन्नड कानावर येऊ लागते. वर्षानुवर्षे ऐकूनही अनेकांना ती कळत नाही. शब्द ओळखीचे वाटतात, पण त्यांची शेपटे दर वेळी वेगळी असतात.

ही शेपटे सुटी करायची एक रीत आहे. शब्दातला अर्थ असलेला लहानात लहान तुकडा शोधायचा. भाषाशास्त्रात त्याला रूपिम म्हणतात. ‘घरांना’ या शब्दात घर आहे, अनेकपण आहे आणि ‘ना’ आहे, हे आपल्याला आपोआप जाणवते. अनोळखी भाषेत ती जाणीव नसते, म्हणून प्रत्येक तुकड्याला पुरावा लागतो. चंदगडकराला जवळची अनोळखी भाषा कन्नडच, तेव्हा पुरावा तिथूनच घेऊ. कन्नडला ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ‘ए’ आहेत. देवनागरीत तो फरक दिसणार नाही, पण त्याने आपले काम अडत नाही.

पुस्तकी कन्नडमधली ही पाच वाक्ये आणि त्यांचे मराठी अर्थ पाहा.

१. नानु मनेगे होगुत्तेने – मी घरी जातो. (बाई बोलत असेल तर ‘जाते’.)
२. अवनु मनेगे होगुत्ताने – तो घरी जातो.
३. अवळु मनेगे होगुत्ताळे – ती घरी जाते.
४. अवळु मनेयल्लि ओदुत्ताळे – ती घरी वाचते.
५. अवनु ऊरिगे होगुत्ताने – तो गावी जातो.

एका वेळी एकच बदल

सुरुवात वाटेल तिथून करायची नाही. ज्या दोन वाक्यांच्या अर्थात एकच गोष्ट वेगळी आहे, अशी जोडी आधी निवडायची. २ आणि ३ मध्ये फक्त ‘तो’ची ‘ती’ झाली आहे. रूपात मात्र दोन ठिकाणी बदल आहे: अवनु–अवळु आणि होगुत्ताने–होगुत्ताळे. ‘मनेगे’ जागचे हललेले नाही, म्हणून ‘घरी’ हा अर्थ त्याचा. पहिला शब्द कर्त्याचा आणि शेवटचा क्रियापदाचा. क्रियापदही कर्त्याप्रमाणे बदलते आहे, जसे आपल्याकडे जातो–जाते.

आता १, २ आणि ३ मधली क्रियापदे शेजारी ठेवू: होगुत्तेने, होगुत्ताने, होगुत्ताळे. इथे बहुतेक नवशिके फसतात आणि त्याला कारण आपली लिपी. डोळ्याला ‘होगु’ तिन्हीकडे सारखे दिसते आणि त्यापुढे ‘त्तेने’, ‘त्ताने’, ‘त्ताळे’ वेगळे दिसतात. म्हणून सुरी ‘होगु’नंतर चालते. पण ‘त्ते’ आणि ‘त्ता’ यांतला ‘त्त्’ एकच आहे, फक्त त्यावरचा स्वर बदलला आहे. तुकडा अक्षराच्या मध्येही पडू शकतो, म्हणून बाराखडी सोडवून वाचायचे: होगुत्त् + एने, होगुत्त् + आने, होगुत्त् + आळे. मग ‘मी’साठी एने, ‘तो’साठी आने आणि ‘ती’साठी आळे हाती येते.

उरलेला ‘होगुत्त्’ एकच तुकडा आहे की दोन, हे त्याच्याकडे टक लावून कळणार नाही. त्यासाठी दुसरे क्रियापद हवे. ३ आणि ४ मध्ये कर्ता तोच, काळ तोच, मराठी अर्थात फक्त जाण्याऐवजी वाचणे आहे: होगुत्ताळे, ओदुत्ताळे. ‘मनेगे’चे ‘मनेयल्लि’ झाले आहे, त्याकडे नंतर येऊ. ‘उत्ताळे’ सामाईक आणि ‘होग्’, ‘ओद्’ वेगळे. आधीच्या जोडीने शेवटून ‘आळे’ सोडवले होते, या जोडीने सुरुवातीचा धातू सोडवला. मध्ये ‘उत्त्’ उरला. तो काय सांगतो? ‘तिने वाचले’ याला कन्नडमध्ये ‘अवळु ओदिदळु’ म्हणतात. ‘ओद्’ कायम राहिला, ‘उत्त्’ गेला आणि त्या जागी ‘इद्’ आला; शेवटचा ‘आळे’ही इथे ‘अळु’ झाला. म्हणजे ‘उत्त्’ चालू काळाचा आणि ‘इद्’ भूतकाळाचा.

भूतकाळ दाखवायला आपण ‘होगु’ घेतले नाही, हे मुद्दाम. त्याचे भूतकाळी रूप ‘होदळु’ असे होते आणि ‘ग’ गळून पडतो. आपल्या ‘जा’चे ‘गेली’ होते, त्यातलाच हा प्रकार. रोजच्या वापरातली क्रियापदे अनेकदा वाकडी असतात. पहिली कापणी सरळ शब्दावर करावी, वाकडे नंतर हाताळावेत.

‘उ’ कोणाचा?

इथे एक शंका राहते. ‘वाच’ असे सांगताना कन्नडमध्ये ‘ओदु’ म्हणतात. मग तुकडे ‘ओदु + त्त्’ असे का नसावेत? हाती असलेल्या पाच वाक्यांवरून दोन्ही कापण्या बरोबर ठरतात. असा पेच पडला की मनाने निवाडा देऊ नये. ज्या शब्दात दोन्ही तर्क वेगळे उत्तर देतील, असा शब्द शोधावा. इथे असा धातू हवा, ज्याच्या शेवटी ‘उ’ नाही. ‘कुडि’ म्हणजे पी. ‘तो पितो’ याला ‘कुडियुत्ताने’ म्हणतात. धातूत ‘उ’ नसताना तो उगवला, म्हणजे तो प्रत्ययाचाच. ‘उत्त्’ पक्का झाला.

पण ‘कुडि’ आणि ‘उत्ताने’ यांच्यामध्ये एक ‘य’ आला आहे. त्याची नोंद करून ठेवू, तो पुन्हा भेटणार आहे.

त्याआधी उलट बाजूच्या चुकीबद्दल. ‘अवनु–आने’मध्ये ‘न’ आणि ‘अवळु–आळे’मध्ये ‘ळ’ पाहून ‘न’ म्हणजे पुरुष आणि ‘ळ’ म्हणजे बाई असे आणखी बारीक तुकडे करायचा मोह होतो. पण ‘मी’च्या ‘एने’मध्येही ‘न’ आहे आणि पहिले वाक्य बाईही तसेच्या तसे बोलते. शिवाय ‘आने’मधून ‘न’ काढला तर उरलेल्या ‘आ’ आणि ‘ए’ यांना द्यायला अर्थच राहत नाही. ज्या तुकड्याला स्वतःचा अर्थ देता येत नाही, तो तोडायचा नाही. ‘आने’ अखंड ठेवावा.

मराठी अर्थाची भूल

आता नामांकडे. १ आणि ४ दोन्हींच्या अर्थात ‘घरी’ आहे, पण कन्नडमध्ये एकदा ‘मनेगे’ आणि एकदा ‘मनेयल्लि’. एकाच अर्थाची ही दोन रूपे नव्हेत. आपण ‘घरी जातो’ आणि ‘घरी बसतो’ दोन्हीला ‘घरी’च म्हणतो. कन्नड तिथे फरक करते: घराकडे ‘मनेगे’, घरात ‘मनेयल्लि’. उलट ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ हा फरक मराठी करते आणि कन्नड करत नाही. खाली लिहिलेला अर्थ ही फक्त खूण आहे. त्यात दिसणारा प्रत्येक फरक मूळ भाषेत असेलच असे नाही आणि मूळ भाषेतला प्रत्येक फरक त्या अर्थात उतरेलच असेही नाही.

‘मनेयल्लि’ कुठे तोडायचा? मने + यल्लि, की मनेय् + अल्लि? ‘गावात’ याला ‘ऊरिनल्लि’ म्हणतात. तिथे ‘अल्लि’ आहे, पण ‘य’ नाही. म्हणून ‘य’ प्रत्ययाचा नाही. ‘मनेगे’मध्येही ‘य’ नाही, म्हणून तो नामाचाही नाही. आणि ‘कुडियुत्ताने’मध्ये हाच ‘य’ क्रियापदात दिसला होता. तीनही पुराव्यांचे उत्तर एक: ‘इ’ किंवा ‘ए’ यांच्यापुढे स्वर आला की दोघांना जोडायला ‘य’ येतो. त्याला अर्थ नाही, तो सांधा आहे. आपल्या ‘पोळी’ची ‘पोळ्या’ होते, तिथला ‘य’ याच्याच जवळचा, फक्त तिथे ‘ई’च ‘य’ होते.

‘मनेगे’ आणि ‘ऊरिगे’ समोरासमोर ठेवले तर ‘कडे’साठी ‘गे’ आणि ‘इगे’ अशी दोन रूपे मिळतात. सुटा शब्द ‘ऊरु’ आहे. शेवटचा ‘उ’ गळून ‘इगे’ लागतो, तर ‘मने’सारख्या एकारान्ताला ‘गे’. एकच रूपिम, दोन पोशाख. ‘ऊरिनल्लि’तला ‘इन्’ हा आपल्या सामान्यरूपाचा भाऊबंद समजावा: प्रत्ययाआधी नामाने घेतलेले रूप.

आता बेळगाव

‘अवनु बेळगाविगे होगुत्ताने’, तो बेळगावला जातो. चंदगडकर याला न थांबता बेळगाव् + इगे असे तोडेल, कारण त्याच्या तोंडी गावाचे नाव ‘बेळगाव’ आहे. ‘ऊर् + इगे’चा आधारही तयार आहे. पण बेळगावि + गे हीही कापणी तितकीच बसते, कारण ‘गे’सुद्धा आपल्याला भेटला आहे. पुन्हा पेच आणि पुन्हा उपाय तोच. ‘बेळगावात’ हे रूप काय असेल, ते दोन्ही तर्कांना आधी विचारू. शब्द ‘ऊरु’सारखा असेल तर ‘बेळगाविनल्लि’ यायला हवे. इकारान्त असेल तर सांध्याचा ‘य’ येऊन ‘बेळगावियल्लि’. प्रत्यक्ष रूप आहे ‘बेळगावियल्लि’. म्हणजे कन्नडमध्ये गावाचे नावच ‘बेळगावि’. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकाने हेच नाव सरकारी केले. आपली कापणी चुकली होती ती कन्नडमुळे नव्हे, घरच्या शब्दावर विसंबल्यामुळे.

शेवटी हे सगळे तीन ओळींत मांडायचे:

अवनु बेळगाविगे होगुत्ताने
अवनु / बेळगावि-गे / होग्-उत्त्-आने
तो / बेळगाव-कडे / जा-चालूकाळ-तो

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतल्या आडव्या रेघा मोजा. प्रत्येक शब्दात त्या सारख्या असल्याच पाहिजेत. एखादी कमी भरली, तर कुठेतरी अर्थाविना तुकडा किंवा तुकड्याविना अर्थ राहिला आहे.

याची मर्यादाही लक्षात ठेवावी. ही रूपे छापील कन्नडची आहेत. बेळगावच्या बाजारात ‘मने’ची ‘मनि’ होते आणि ‘होगुत्तेने’ आक्रसून ‘होगतीनि’ होते. म्हणून ऐकलेले आणि वाचलेले एकाच यादीत मिसळू नये, नाहीतर बोलीतला फरक प्रत्यय म्हणून पकडला जातो.

तुकडे बरोबर पडले की नाही, याची शेवटची परीक्षा म्हणजे न ऐकलेला शब्द आधीच सांगता येणे. ‘मनेगळु’ म्हणजे घरे. मग ‘घरांकडे’ याला कन्नडमध्ये काय म्हणतील? इथे थांबून कागदावर लिहा. शब्दाच्या शेवटी ‘उ’ आहे, म्हणजे ‘ऊरु’चा नियम. ‘उ’ गळेल आणि ‘गे’ नव्हे, ‘इगे’ लागेल. उत्तर: मनेगळिगे.