आत्याच्या कानगोष्टीतलं नाव

माझ्या भावाला इंग्लंडमध्ये, लीड्सला, मुलगी झाली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. पुण्याहून आम्ही सहा नावं पाठवली: ज्ञानदा, मृण्मयी, आभा, रेवा, ओवी आणि नीरा. तिकडच्या माणसांनाही सहज हाक मारता येईल असं नाव निवडायचं होतं, पण अर्थ मात्र आपलाच हवा होता.

भावाने एक साधी चाचणी घेतली. सहाही नावं रोमन लिपीत कागदावर लिहिली आणि स्वतः एकदाही न उच्चारता तीन शेजाऱ्यांना वाचायला दिली. हे फार महत्त्वाचं आहे. परदेशात नाव बहुतेक वेळा आधी वाचलं जातं आणि मग ऐकलं जातं. शाळेत हजेरी घेणाऱ्या बाई किंवा दवाखान्यात नंबर पुकारणारी परिचारिका यांच्यापुढे फक्त स्पेलिंग असतं.

Dnyanada वाचताना तिघेही पहिल्याच अक्षराला अडले, कारण इंग्रजीत कुठलाच शब्द असा सुरू होत नाही. Mrunmayee या नावाचीही तीच गत झाली. Abha मात्र तिघांनी न अडखळता वाचलं, आणि खरी अडचण तिथेच होती. इंग्रजी कानाला ब आणि भ यांत फरक जाणवत नाही, त्यामुळे आभाची झाली ‘आबा’. आभा म्हणजे तेज आणि आबा म्हणजे आजोबा! ‘सोपं नाव’ म्हणताना आपण इथे फसतो. नाव सहज वाचलं गेलं, तरी त्याचा अर्थ शाबूत राहिला असेलच असं नाही.

उच्चार थोडा बदलणारच, हे धरूनच चालावं. इंग्रजीत आपला दंत्य त नाही, म्हणून ताराची ‘टारा’ होईल. पण ती ताराच आहे हे आपल्याला कळतं, आणि तेवढा बदल चालून जातो. भ, ध, घ यांतला हकार गळला की मात्र कधीकधी वेगळाच शब्द तयार होतो. ळ आणि ण तर तिकडे ल आणि न होऊनच येतात. म्हणून प्रत्येक नाव घेऊन स्वतःला विचारावं: यातलं कुठलं अक्षर अर्थ पेलतं, आणि तेच तिकडे निसटतंय का?

स्वरांची भानगड वेगळी आहे, पण ती बरीचशी स्पेलिंगने सुटते. Reva हे तिघांनी ‘रीव्हा’ असं वाचलं. Nira पाहून दोघे ‘नायरा’ म्हणाले. भावाने तेच नाव Neera असं लिहिलं, तेव्हा तिघांच्याही तोंडून ‘नीरा’ आलं. दोन e लिहिले की इंग्रजी वाचणारा हमखास ‘ई’ म्हणतो. Lila आणि Leela या नावांतही हाच फरक पडतो.

देश बदलला की हिशेब बदलतो. जर्मन माणूस J चा उच्चार य करतो, त्यामुळे जुईची ‘युई’ होईल. ओवी लीड्समध्ये छान उच्चारली गेली, पण फिनलंडच्या भाषेत ovi म्हणजे दार. कुटुंब जिथे राहणार आहे, तिथल्याच माणसाकडून नाव वाचून घ्यावं.

उलट्या वाटेनेही चूक होते. आधी गोड, सोपा आवाज निवडायचा आणि मग त्याला कुठला तरी ‘संस्कृत अर्थ’ चिकटवायचा. मायरा या नावाचे असे बरेच अर्थ सांगितले जातात, पण हे नाव इंग्रजी कवी फुल्क ग्रेव्हिल यांनी घडवलं असं मानतात. आवडलं तर जरूर ठेवावं, पण संस्कृत म्हणून नव्हे. शंका असेल तर वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत कोश उघडून खात्री करावी.

नीरा हे नाव या कसोटीलाही उतरलं. नीर म्हणजे पाणी, आणि वहिनीचं माहेर नीरा नदीकाठी शिरवळला. ताडाच्या रसालाही नीराच म्हणतात, याची आठवण बाबांनी करून दिली. तोही गोडच असतो, असं म्हणून आईने विषय संपवला.

इंग्लंडमध्ये जन्माची नोंद 42 दिवसांत करावी लागते, त्यामुळे बाराव्या दिवशी बारसं करून मग निवांत नोंद करता आली. जन्मदाखल्यावर जे स्पेलिंग पडतं तेच पुढे पासपोर्टवर जातं, म्हणून सही करण्याआधी भावाने दोन e आहेत ना, ते पुन्हा तपासलं. नोंद करणाऱ्या बाईंनी दाखला हातात देताना नाव मोठ्याने वाचलं. त्यांचा र जरा मऊ होता, पण बाराव्या दिवशी मी कानात सांगितलेलंच नाव त्यांनी उच्चारलं होतं.